एकसंध चित्र झालेल्या पोस्टरमधील देवनागरी अक्षरांचा फॉन्ट कसा जुळवावा

गोव्यातील देवस्थानांच्या वर्धापनदिनांची, जत्रोत्सवांची आणि भजनी सप्ताहांची पोस्टरे बहुतेक वेळा मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे केवळ चित्राच्या स्वरूपात येतात. मजकूर, देवाचे छायाचित्र, तोरण आणि पार्श्वभूमी यांचे वेगवेगळे थर त्यात उरलेले नसतात आणि अक्षरेही चित्राचाच भाग झालेली असतात. छपाईच्या आदल्या दिवशी एखादा चुकीचा शब्द लक्षात आला, तर तो पुसून नवा टाइप करणे ही फार अवघड गोष्ट नाही. अवघड आहे ते नव्या शब्दाचे वळण शेजारच्या अक्षरांशी जुळवणे. वळण जुळले नाही तर शुद्धलेखन सुधारते, पण दुरुस्ती लांबूनही ओळखू येते आणि सगळे पोस्टर ठिगळ लावल्यासारखे दिसते. पुढील विवेचन या एकाच कामाविषयी, म्हणजे शब्द टाइप करण्याआधी मूळ फॉन्ट शोधून त्याची खात्री कशी करावी याविषयी आहे.

उदाहरणासाठी पेडणे तालुक्यातील एखाद्या देवळाच्या वर्धापनदिनाचे पोस्टर डोळ्यांसमोर आणू. त्यावर चार ओळींचा कार्यक्रम आहे: सकाळी ८ वा. लघुरुद्र, दुपारी १ वा. आरती व तिर्थप्रसाद, सायं. ७ वा. पालखी, रात्री १० वा. दशावतारी नाट्यप्रयोग. अक्षरे गडद तपकिरी आहेत, त्यांच्याभोवती पांढरी कड आहे आणि मागचा पिवळा रंग मध्यभागी उजळ असून कडांकडे केशरी होत गेला आहे. ‘तिर्थप्रसाद’ या शब्दात पहिली वेलांटी पडली आहे. तेथे दुसरी वेलांटी हवी, म्हणजे शब्द ‘तीर्थप्रसाद’ असा व्हायला हवा. ही चूक आपल्याकडील पोस्टरांवर इतकी वारंवार दिसते की नवख्या माणसाच्या हाती पहिले काम बहुधा हेच येते.

शेजारच्या ‘आरती’ या शब्दात ‘ती’ अगदी बरोबर आहे, मग तेवढाच तुकडा उचलून चिकटवता येणार नाही का, असा प्रश्न येथे साहजिकच पडेल. पार्श्वभूमी एकाच सपाट रंगाची असेल तर तसे जरूर करावे, कारण त्यात फॉन्ट शोधण्याची गरजच उरत नाही. मात्र आपल्या उदाहरणात मागचा रंग दर काही पिक्सेलला बदलतो आणि अक्षराभोवतीची पांढरी कड शेजारच्या अक्षराच्या कडेत मिसळलेली आहे. उचललेल्या तुकड्याबरोबर मागचा रंगही येतो आणि त्याची चौकट फ्लेक्सवर स्पष्ट दिसते. म्हणून येथे फॉन्ट शोधणेच योग्य ठरते.

आधी मूळ फाइल मागावी

ज्याने पोस्टर केले त्याच्याकडे मूळ फाइल किंवा निदान पीडीएफ आहे का, हे विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये. पीडीएफमध्ये अक्षरे अक्षरे म्हणूनच राहिली असतील तर त्यात फॉन्टची नावे नोंदलेली असतात. ज्यांच्या संगणकावर पॉपलर हा साधनसंच आहे, त्यांना ती नावे एका आज्ञेने पाहता येतात:

```
pdffonts poster.pdf
```

यादी रिकामी आली तर अक्षरे फॉन्टपासून सुटी करून त्यांच्या नुसत्या रेषा करून टाकल्या आहेत किंवा पीडीएफमध्येही केवळ चित्रच बसवले आहे असे समजावे. त्याच मुद्रणालयाने त्याच मंडळासाठी गेल्या वर्षी केलेल्या पोस्टरची पीडीएफ मिळाली तरी तिचा उपयोग होतो, कारण बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे तेच चार-पाच फॉन्ट वापरले जातात. यातले काहीच मिळाले नाही तर निदान चित्र तरी चांगल्या प्रतीचे मागावे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान होते आणि अक्षरांच्या कडा विरघळतात. तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे येते. ज्या चित्रात शिरोरेखेची जाडी चार-पाच पिक्सेलांपेक्षा कमी आहे, त्यावरून फॉन्टचे घराणे कदाचित ओळखता येईल, पण त्याचा ठळकपणा खात्रीने ठरवता येणार नाही.

ही अक्षरे फॉन्टचीच आहेत का

पुढची पायरी अनेक जण गाळतात आणि मग ज्याचा फॉन्टच अस्तित्वात नाही अशा अक्षरांचा शोध घेत बसतात. देवळांच्या पोस्टरांवरील मोठे शीर्षक पुष्कळदा हाताने काढलेले असते. हे तपासण्यासाठी एकच अक्षर दोन ठिकाणी आले आहे अशी जागा शोधावी. आपल्या ओळीत ‘त’ दोनदा येतो, एकदा ‘आरती’मध्ये आणि एकदा ‘तिर्थप्रसाद’मध्ये. एका ‘त’ची प्रत काढून ती दुसऱ्यावर ठेवावी आणि वरच्या थराची पारदर्शकता निम्मी करावी. दोन्ही अक्षरे तंतोतंत बसली तर ती फॉन्टची आहेत. गाठ, बाक किंवा दंडाचे टोक यांत फरक दिसला तर ती हाताची आहेत. तशी ती निघाल्यास फॉन्टचा नाद सोडावा आणि उपलब्ध अक्षरांवरून नवे अक्षर रेखाटून घ्यावे.

मोजमाप, आणि अक्षरे ताणली आहेत का याचा तपास

यापुढचे काम गिंप या विनामूल्य प्रणालीत होते असे धरले आहे, पण फोटोशॉपमध्येही पद्धत तीच आहे. ज्या ओळीत चूक आहे ती ओळ आणि तिच्या वरच्या-खालच्या एक-दोन ओळी कापून वेगळ्या फाइलमध्ये घ्याव्यात आणि ती फाइल चारशे टक्के मोठी करून पाहावी. पोस्टर भिंतीवरून टिपलेला फोटो असेल तर प्रथम शिरोरेखा आडवी करून घ्यावी.

मोजायच्या गोष्टी तीनच आहेत: शिरोरेखेच्या वरच्या कडेपासून उभ्या दंडाच्या तळापर्यंतची उंची, उभ्या दंडाची जाडी आणि शिरोरेखेची जाडी. चित्र दाबलेले असल्यामुळे कड एका पिक्सेलवर संपत नाही. रंग अर्धा फिका झाला की तेथे कड आहे असे मानावे आणि प्रत्येक माप याच नियमाने घ्यावे. समजा आपल्या पोस्टरात उंची ९३ पिक्सेल, दंडाची जाडी १५ आणि शिरोरेखेची जाडी १२ भरली. दंड शिरोरेखेपेक्षा स्पष्टच जाड आहे. ज्यात उभ्या रेषा जाड आणि आडव्या बारीक आहेत असा फॉन्ट शोधायला लागावे, असे येथे कोणालाही वाटेल. तो शोध लगेच सुरू करू नये, कारण अक्षरे आडवी ताणलेली असण्याची शक्यता अजून तपासायची आहे.

कोरलड्रॉ या पोस्टर-मांडणीच्या प्रणालीत, म्हणजे कोरलमध्ये, पोस्टर जुळवताना ओळ चौकटीत पुरी भरावी म्हणून तिचे टोक धरून ओढणे हा नेहमीचा प्रकार आहे. असे ओढल्यावर उभ्या रेषा रुंद होतात, पण आडव्या रेषांची जाडी बदलत नाही. हा ताण ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे अनुस्वार. साध्या एकसारख्या जाडीच्या फॉन्टांत अनुस्वाराचा ठिपका सहसा वर्तुळाकार असतो. तो ठिपका लंबगोल दिसला तर ओळ ताणलेली आहे, आणि किती ताणलेली आहे तेही त्यावरूनच कळते. आपल्या पोस्टरात ‘सायं.’ या शब्दावरील अनुस्वार १७ पिक्सेल रुंद आणि १४ पिक्सेल उंच आहे असे समजू. १७ भागिले १४ म्हणजे सुमारे १.२, अर्थात अक्षरे जवळजवळ एकशे वीस टक्के रुंद केली आहेत. आता दंडाची १५ ही जाडी १.२ ने भागली तर साडेबारा येते आणि ती शिरोरेखेच्या १२ या जाडीला अगदी जवळची आहे. म्हणजे मूळ फॉन्ट जाड-बारीक रेषांचा नाहीच. तो एकसारख्या जाडीचा साधा फॉन्ट आहे. हे गणित केले नसते तर शोध भलत्याच दिशेने गेला असता, आणि कितीही फॉन्ट पाहिले तरी जुळणारा सापडला नसता.

बोरूच्या वळणाच्या फॉन्टांत अनुस्वार चौकोनी, तिरक्या हिऱ्यासारखा असतो. तेथे त्याचे दोन कर्ण मोजून हाच पडताळा घेता येतो, पण अशा फॉन्टांत ते दोन कर्ण मुळातच सारखे असतील याची हमी नसते, म्हणून तो आकडा संभाव्य फॉन्ट सापडल्यावर पुन्हा तपासावा. अनुस्वार एकाच ओळीतला घेतला आणि चूक दुसऱ्या ओळीत असली, तर दोन्ही ओळी सारख्याच ताणल्या आहेत का हेही पाहावे. दोन्ही ओळींतील ‘वा.’ एकमेकांवर ठेवले की ते लगेच समजते.

ताण समजल्यावर प्रत्येक फॉन्ट ताणून पाहत बसण्यापेक्षा कापून घेतलेला नमुनाच उलट दिशेने आकुंचित करावा. उंची तीच ठेवून रुंदी त्र्याऐंशी टक्क्यांवर आणली की अनुस्वार पुन्हा गोल होतो आणि आपल्यासमोर मूळ फॉन्टची नैसर्गिक अक्षरे येतात. पुढची सगळी तुलना या आकुंचित नमुन्याशी करावी. मूळ रुंदी शेवटचा शब्द बसवतानाच पुन्हा लागेल.

जाडीविषयी आणखी एक दक्षता घ्यावी लागते. पांढरी कड अक्षराच्या मागे आहे की ती अक्षराच्या अंगावर आली आहे, हे ठरवणे आवश्यक आहे. कोरलमध्ये कड दिली की ती अक्षराच्या सीमारेषेवर मध्यभागी बसते, म्हणजे निम्मी बाहेर आणि निम्मी आत, आणि आतला भाग अक्षराची जाडी खातो. तीन पिक्सेलांची कड अशी बसली असेल तर प्रत्येक बाजूने दीड पिक्सेल गेला, आणि बारा दिसणारी शिरोरेखा प्रत्यक्षात पंधराची असते. हे ओळखण्याची खूण शिरोरेखेतच सापडते. कड अक्षराच्या अंगावर असेल तर दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेखेला बारीक पांढरी चीर गेलेली दिसते, कारण प्रत्येक अक्षराची कड शेजारच्या अक्षरावरही उमटते. शिरोरेखा शब्दभर अखंड असेल तर कड बहुधा मागे आहे आणि दिसते ती जाडी खरी आहे. आपल्या उदाहरणात ती अखंड आहे असे धरू.

कोणती अक्षरे पाहावीत

आता अक्षरांच्या वळणाकडे यावे. सगळी अक्षरे सारखीच बोलकी नसतात. ‘व’, ‘न’, ‘क’ ही अक्षरे शेकडो फॉन्टांत जवळपास सारखी दिसतात. ‘थ’ची वरची गाठ, ‘ध’ आणि ‘भ’ यांचे वळसे, ‘द’ची शेपटी, ‘र’चा खाली उतरणारा पाय, ‘ख’चे दोन भाग खाली जुळतात की वेगळे राहतात, ‘प्र’मधील तिरकी रेघ दंडाला कोठे मिळते, या जागा मात्र फॉन्ट पटकन ओळखू देतात. दुसरी वेलांटी आणि रफार यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण नव्या शब्दात आपल्याला नेमके तेच हवे आहेत. वेलांटीची कमान किती उंच जाते, तिची जाडी टोकाकडे कमी होते की तशीच राहते, रफाराचा हूक दंडाच्या डोक्यावर बसतो की थोडा डावीकडे सरकतो, हे कागदावर टिपून ठेवावे. डोळ्यांवर विसंबून राहिले तर तिसरा-चौथा फॉन्ट पाहेपर्यंत पहिल्याची आठवण पुसट होते.

‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहेत. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे असतात, आणि पुष्कळशा युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणे साठवलेली असतात. मजकुराची भाषा मराठी ठरवली तरच मराठी वळण दिसते. भाषा न ठरवता फॉन्ट तपासला तर ‘पालखी’तला ‘ल’ जुळत नाही म्हणून नवखा माणूस बरोबर फॉन्टच बाद करून टाकतो. म्हणून गिंपच्या मजकूर-साधनात `Language` या जागी मराठी निवडूनच तुलना सुरू करावी. काही फॉन्टांत ५ आणि ८ या अंकांच्या बाबतीतही असेच होते.

आपल्याकडच्या पोस्टरांवर मराठीबरोबर कोंकणी ओळीही असतात. त्या त्याच फॉन्टात असतील तर ज्या अक्षराचा नमुना मराठी मजकुरात नाही, तो तेथून घ्यावा.

जुना फॉन्ट की युनिकोड

संभाव्य फॉन्टांची यादी करण्याआधी एक विभागणी केली की अर्धा शोध वाचतो. श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि सी-डॅकच्या जुन्या प्रणालींबरोबर येणारे सुरेख, योगेश यांसारखे फॉन्ट युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. त्यांत अक्षर तुकड्यातुकड्यांनी जुळवले जाते, म्हणजे अर्धे अक्षर, मग दंड, मग मात्रा. अशा मजकुरात शिरोरेखेच्या सांध्यावर कधी बारीकशी पायरी दिसते. पहिल्या वेलांटीची कमानही ठरावीक मापांची असल्यामुळे रुंद जोडाक्षरावर ती दंडापर्यंत पोहोचत नाही, मध्येच संपते. चांगल्या युनिकोड फॉन्टांत अक्षराच्या रुंदीप्रमाणे वेगवेगळ्या लांबीच्या कमानी असतात आणि प्रणाली त्यांतली योग्य ती निवडते. पोस्टरात ‘स्थि’, ‘क्ति’ यांसारखे जोडाक्षर असेल तर प्रथम तेथे पाहावे.

जुन्या फॉन्टची लक्षणे दिसली तर इंटरनेटवर शोधत राहण्यापेक्षा ज्या मुद्रणालयाकडे त्या संचाचा परवाना आहे त्याच्याकडूनच तो एक शब्द टाइप करून, रेषा करून मागवावा. हे फॉन्ट विकत घ्यावे लागतात, आणि इकडून तिकडून मिळवलेल्या प्रती वापरणे योग्य नाही. शिवाय त्यांत युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर उमटतच नाही, त्यासाठी वेगळा कळफलक लागतो.

युनिकोडची लक्षणे दिसली तर शोध पुष्कळ सोपा होतो. गुगल फॉन्ट्सच्या संग्रहात लिपी देवनागरी निवडावी आणि नमुना मजकुराच्या जागी आपला शब्द टाकावा, म्हणजे एकाच पडद्यावर तो शब्द सगळ्या फॉन्टांत दिसतो. तेथे चुकीचा शब्द न टाकता ‘आरती’ टाकावा. एकसारख्या जाडीचा फॉन्ट हवा आहे हे आधीच ठरलेले असल्यामुळे रोझा वन किंवा यात्रा वन यांच्यासारखे फॉन्ट पहिल्याच नजरेत बाजूला पडतात, आणि मुक्ता, हिंद, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी, ‘अनेक देवनागरी’ अशी मोजकी नावे उरतात. टिपून ठेवलेल्या खुणांशी ताडून पाहून त्यांतून दोन-तीनच फॉन्ट पुढच्या चाचणीसाठी निवडावेत. पोस्टरवर संपर्कासाठी इंग्रजी अंक किंवा रोमन अक्षरे त्याच वळणाची असतील तर तीही पाहावीत. यांतल्या बहुतेक फॉन्टांत देवनागरीबरोबर रोमन अक्षरेही असतात, आणि चित्रावरून फॉन्ट सुचवणारी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या बाबतीत अधिक उपयोगी पडतात.

बरोबर असलेल्या शब्दावर चाचणी

सगळ्या कामाचे मर्म या पायरीत आहे. नवीन फॉन्ट सापडला की थेट ‘तीर्थप्रसाद’ टाइप करून तो बसतो का हे पाहण्याचा मोह होतो, पण तो शब्द मूळ पोस्टरात नसल्यामुळे त्याची तुलना करण्यासारखे काहीच नसते. म्हणून जो शब्द पोस्टरावर बरोबर छापला आहे आणि चुकीच्या शब्दाच्या अगदी शेजारी आहे, तोच आधी नव्या फॉन्टात टाइप करावा आणि मूळ शब्दावर ठेवावा. आपल्या ओळीत तो शब्द ‘आरती’ आहे. त्यात दुसरी वेलांटी आहे, ‘र’ आहे आणि काना आहे, म्हणजे लागणारे बरेचसे पुरावे एकाच ठिकाणी मिळतात.

फॉन्टचा आकार अंदाजाने वाढवत-कमी करत बसू नये. आधी १०० पिक्सेल आकारात ‘आरती’ टाइप करून दंडाची उंची मोजावी. समजा ती ६२ भरली. आपल्याला ९३ हवी आहे, म्हणून १०० गुणिले ९३ भागिले ६२, म्हणजे १५०. आकार १५० केला की उंची जुळते. एकदा जुळलेली उंची नंतर बदलू नये. रुंदी जुळवण्यासाठी उंचीत फेरफार केला की दोन्ही मापे बिघडतात आणि चूक कोठे आहे तेच कळत नाही.

आता टाइप केलेल्या थराला झगझगीत हिरवा रंग द्यावा, त्याची पारदर्शकता निम्मी करावी आणि ‘आ’ची डावी कड मूळ ‘आ’वर नेमकी बसवावी. त्यानंतर नजर हळूहळू उजवीकडे न्यावी. फरक कोणत्या प्रकारे वाढतो यावरून कारण ओळखता येते. ‘आ’ जुळला, ‘र’ एक पिक्सेल सरकला, ‘ती’ दोन-तीन पिक्सेल सरकली, म्हणजे फरक समान गतीने वाढत गेला, तर फॉन्ट बहुधा बरोबर आहे आणि ताणाचा आकडा किंवा ठळकपणा किंचित चुकला आहे. ‘आ’ आणि ‘ती’ जुळले पण मधला ‘र’च बाहेर आला, तर तो फॉन्ट वेगळा आहे. रोमन मजकुरात असा फरक अक्षरांमधील अंतर वाढवल्यानेही पडतो. देवनागरीत मात्र अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. त्यामुळे शिरोरेखा अखंड असताना हे कारण बहुतेक वेळा बाद करता येते, आणि ही देवनागरीने दिलेली मोठी सोय आहे.

आपल्या उदाहरणात आकुंचित नमुन्यातील ‘आरती’ २८० पिक्सेल रुंद आहे असे समजू. पहिल्या फॉन्टमध्ये ती २७९ भरते, पण वेलांटीची कमान मूळ कमानीपेक्षा उंच जाते आणि ‘र’चा पाय लवकर संपतो. रुंदी जुळली म्हणून हा फॉन्ट स्वीकारू नये, कारण वळण जुळत नसेल तर रुंदीचा मेळ हा निव्वळ योगायोग असतो. दुसऱ्या फॉन्टमध्ये सगळी वळणे जुळतात, पण रुंदी २७४ येते आणि शिरोरेखा १२ ऐवजी १० भरते. रेषा बारीक आहेत आणि शब्दही अरुंद आहे, तेव्हा हा फॉन्ट बरोबर आहे, फक्त ठळकपणा एक पायरी कमी पडला आहे. मुक्तासारख्या घराण्यात ठळकपणाच्या सात पायऱ्या आहेत. त्यांतली पुढची पायरी घेतल्यावर शिरोरेखा १२ आणि रुंदी २८१ झाली तर शोध संपला. एक पिक्सेलाचा फरक मोजण्यातला आहे असे समजायला हरकत नाही.

कोणतीच पायरी जुळत नसेल तर पोस्टर करणाऱ्याने ठळकपणा कृत्रिम रीतीने, म्हणजे अक्षराच्याच रंगाची कड देऊन, वाढवला आहे का ते पाहावे. अशा वेळी दंड आणि शिरोरेखा यांची जाडी सारख्याच पिक्सेलांनी वाढलेली असते, अक्षरांचे कोपरे गोलावतात आणि ‘थ’च्या गाठीतली पोकळी भरत येते.

शेवटचा पडताळा म्हणून टाइप केलेल्या थराला मूळ अक्षरांचाच तपकिरी रंग द्यावा. हा रंग जाड रेषेच्या मध्यातून उचलावा, कडेवरून नव्हे. मग थराची मिसळण्याची पद्धत `Difference` करावी. जेथे दोन्ही अक्षरे एकमेकांवर बसतात तो भाग काळा होतो आणि जेथे बसत नाहीत तेथे रंगीत किनार उमटते. चोहोबाजूंनी केसाएवढी सारखी किनार राहिली तर ती चित्र दाबल्यामुळे आलेल्या धूसरपणाची आहे. एकाच ठिकाणी जाड किनार दिसली तर तेथील वळण वेगळे आहे. हीच चाचणी चुकीच्या शब्दाच्या बरोबर असलेल्या भागावर, म्हणजे ‘र्थप्रसाद’वरही घ्यावी. रफार आणि ‘प्र’ यांचा पुरावा ‘आरती’त मिळत नाही, तो तेथेच मिळतो.

रफार ‘थ’वर न चढता ‘र्’ असा वेगळा दिसला किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडली, तर त्यात फॉन्टचा दोष नसतो. प्रणाली देवनागरीची जोडणी करत नसल्याचे ते लक्षण आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अशा वेळी मजकुराच्या पसंतींमध्ये `World-Ready Layout` निवडावे लागते. फॉन्टच्या दोन आवृत्त्यांमध्येही लहानसहान फरक असतात. मुक्ता पूर्वी एक मुक्ता या नावाने वितरित होत असे, त्यामुळे काही वर्षांपूर्वीचा नमुना वापरून केलेल्या पोस्टरात सगळे जुळून एखादेच चिन्ह हटून बसत असेल, तर जुनी आवृत्तीही पाहावी.

शब्द टाइप करताना

खात्री झाली की फक्त ‘ती’ न बदलता पूर्ण ‘तीर्थप्रसाद’ टाइप करावा. शिरोरेखा शब्दभर एकच असते. अर्धा शब्द जुना आणि अर्धा नवा ठेवला तर सांधा तिच्यातच येतो, आणि जाडीतला अर्ध्या पिक्सेलचा फरकही तेथे दिसतो. दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा असल्याने तेवढा फरक तेथे डोळ्यांना जाणवत नाही. टाइप केलेला शब्द आता एकशे वीस टक्के रुंद करावा, मागे पांढरी कड द्यावी आणि कडा शेजारच्या अक्षरांइतक्या मऊ होईपर्यंत अगदी हलका धूसरपणा द्यावा. अर्ध्या पिक्सेलपासून सुरुवात करून पाहावे. पहिल्या वेलांटीचा दंड गेला आणि दुसऱ्या वेलांटीचा आला, त्यामुळे शब्दाची एकूण रुंदी फारशी बदलत नाही. डावीकडचे ‘व’पासूनचे अंतर मूळ इतके ठेवावे आणि जो काही पिक्सेलांचा फरक पडेल तो उजव्या टोकाला जाऊ द्यावा.

फॉन्ट सापडलाच नाही तर जवळचा म्हणून हाती लागेल त्या फॉन्टात तो एक शब्द बसवण्याच्या मी विरोधात आहे. एका ओळीत दोन वळणे आली की वाचणाऱ्याची नजर नेमकी त्या शब्दावर अडते. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या चारही ओळी पुसून एकाच जवळच्या फॉन्टात नव्याने टाइप कराव्यात. त्याला पार्श्वभूमी स्वच्छ करण्याचे काम अधिक पडते, पण शीर्षक एका वळणाचे आणि कार्यक्रम दुसऱ्या वळणाचा ही रचना पोस्टरांत नेहमीचीच असल्यामुळे ती कोणाला खटकत नाही. तेवढा वेळ नसेल तर निदान ‘आरती व तीर्थप्रसाद’ ही ओळ वेळेसकट संपूर्ण बदलावी.